चिल्ड वॉटर कॉइलसाठी नियंत्रण व्हॉल्व्हची निवड : ऑथॉरिटी व प्रवाह गुणांक यांचा विचार

प्रस्तावना :

मध्यवर्ती वातानुकूलन व्यवस्थेत चिलर यंत्र पाणी थंड करते, पंप ते पाणी इमारतीत फिरवतो आणि प्रत्येक एअर हँडलिंग युनिटमधील तांब्याच्या नळ्यांच्या कॉइलमधून ते वाहत असताना कॉइलवरून जाणारी हवा थंड होते. हवा किती थंड व्हावी हे कॉइलमधून जाणाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर ठरते आणि हे प्रमाण ठरवण्याचे काम एकच छोटा घटक करतो, तो म्हणजे नियंत्रण व्हॉल्व्ह. चिलर, पंप व कॉइल यांच्या निवडीसाठी सविस्तर गणिते केली जातात. व्हॉल्व्हची निवड मात्र पुष्कळदा 'पाइप जेवढा, व्हॉल्व्ह तेवढा' या एका वाक्यात उरकली जाते. ही पद्धत का चुकीची आहे, तिचे परिणाम कसे ओळखावेत आणि व्हॉल्व्ह योग्य रीतीने कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

उदाहरण मराठवाड्याच्या हवामानास धरून घेतले आहे. जालना जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. पावसाळ्यात तापमान बरेच उतरते, पण हवेतील आर्द्रता वाढते. वातानुकूलन यंत्रणेची क्षमता मे महिन्याच्या दुपारीसाठी ठरवली जाते. वर्षातील बहुतांश तास मात्र ती यंत्रणा त्या क्षमतेच्या एका अंशावरच चालते. व्हॉल्व्हची खरी परीक्षा या अंशभारावर होते, पूर्ण भारावर नव्हे.

ऑथॉरिटी म्हणजे काय? :

ही संकल्पना समजण्यासाठी वातानुकूलनाबाहेरचे, पण परिचयाचे एक उदाहरण उपयुक्त ठरेल. आष्टी (ता. परतूर, जि. जालना) परिसरातील शेतात विहिरीपासून लांबवर अर्ध्या इंचाची बारीक नळी नेली आणि तिच्या टोकाला मोठा दोन इंची व्हॉल्व्ह बसवला, तर काय घडेल? व्हॉल्व्हचे चाक पहिला एखादा फेरा फिरवताच नळीतून येऊ शकणारे जवळजवळ सर्व पाणी येऊ लागते. त्यानंतर चाक कितीही फिरवले तरी पाणी वाढत नाही. कारण पाण्याला होणारा अडथळा व्हॉल्व्हमध्ये नसून लांब, बारीक नळीत आहे. पाणी किती यावे हे नळी ठरवते आणि व्हॉल्व्ह केवळ नावापुरता उरतो. येथे व्हॉल्व्हचा प्रवाहावर 'अधिकार' नाही. अभियांत्रिकीत याच अधिकाराला व्हॉल्व्हची ऑथॉरिटी म्हणतात.

ऑथॉरिटीची व्याख्या मोजता येण्याजोगी आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्याच्या दोन बाजूंमध्ये जेवढी दाबघट होते, तिला व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना त्याच्या दोन बाजूंमध्ये येणाऱ्या दाबाने भागले असता मिळणारे गुणोत्तर म्हणजे ऑथॉरिटी होय. व्हॉल्व्ह बंद झाला की पाणी थांबते, कॉइल व पाइप यांतील घर्षण शून्य होते आणि त्या शाखेला उपलब्ध असलेला सर्व दाब एकट्या व्हॉल्व्हवर येतो. म्हणून शाखेच्या एकूण दाबघटीत उघड्या व्हॉल्व्हचा वाटा किती, हेच ऑथॉरिटी सांगते. हा वाटा निम्मा, म्हणजे ०.५ च्या आसपास असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ०.२५ ते ०.३ च्या खाली गेल्यास नियंत्रण बिघडू लागते.

कॉइलचा स्वभाव व व्हॉल्व्हचा स्वभाव :

ऑथॉरिटीला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी कॉइलचा स्वभाव पाहावा लागतो. कॉइलमधील पाणी निम्मे केले म्हणजे थंडावा निम्मा होतो, असा समज स्वाभाविक आहे, पण तो खरा नाही. पाणी कमी झाले की ते कॉइलमध्ये अधिक वेळ राहते, अधिक तापून बाहेर पडते आणि प्रत्येक लिटरमागे अधिक उष्णता वाहून नेते. परिणामी साधारण २० टक्के प्रवाहावरच कॉइल सुमारे ५० टक्के थंडावा देते. उरलेला ८० टक्के प्रवाह वाढवून केवळ उरलेला निम्मा थंडावा मिळतो. हा आलेख सुरुवातीला एकदम उभा चढतो आणि पुढे सपाट होतो.

हा वाकडेपणा भरून काढण्यासाठी 'इक्वल पर्सेंटेज' प्रकारचा व्हॉल्व्ह वापरला जातो. त्याची रचना अशी असते की, उघडण्याच्या प्रत्येक समान टप्प्याला प्रवाह आधीच्या प्रवाहाच्या ठरावीक टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे सुरुवातीला तो अत्यंत सावकाश आणि शेवटी वेगाने उघडतो. याचा आलेख कॉइलच्या आलेखाच्या नेमका उलट वाकलेला असतो. दोन्ही एकत्र आले की वाकडेपणा एकमेकांना छेदतो आणि व्हॉल्व्ह जितका उघडावा तितकाच थंडावा मिळू लागतो. नियंत्रकाला अशी सरळ रेषा हवी असते.

तथापि व्हॉल्व्हचा हा आलेख उत्पादक स्थिर दाबावर मोजतो. प्रत्यक्ष शाखेत व्हॉल्व्हवरील दाब स्थिर राहत नाही. व्हॉल्व्ह मिटू लागला की पाणी कमी होते, कॉइल व पाइपमधील दाबघट कमी होते आणि तो वाचलेला दाब व्हॉल्व्हवर येऊन पाणी अधिक जोराने ढकलतो. ऑथॉरिटी जितकी कमी, तितका हा दाब अधिक वाढतो आणि व्हॉल्व्ह मिटत असूनही प्रवाह फारसा घटत नाही. अशा वेळी कॅटलॉगमधील सुंदर आलेख प्रत्यक्षात कॉइलच्याच दिशेने वाकतो आणि वाकडेपणा छेदला जाण्याऐवजी दुप्पट होतो.

प्रवाह गुणांक :

व्हॉल्व्हची वहनक्षमता प्रवाह गुणांकाने व्यक्त केली जाते. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून एक बार दाबघटीवर ताशी जितके घनमीटर पाणी जाते, ती संख्या म्हणजे त्याचा केव्ही. सूत्र साधे आहे :

Kv = Q / √ΔP

यात Q म्हणजे ताशी घनमीटरमधील प्रवाह आणि ΔP म्हणजे बारमधील दाबघट. अमेरिकी कॅटलॉगमध्ये हाच गुणांक गॅलन प्रतिमिनिट व पौंड प्रतिचौरस इंच या एककांत सीव्ही म्हणून दिलेला असतो. सीव्ही हा केव्हीच्या सुमारे १.१६ पट असतो. एका कॅटलॉगमधील केव्ही आणि दुसऱ्यातील सीव्ही परस्पर ताडून पाहिल्यास निवडीत पंधरा-सोळा टक्क्यांची चूक शिरते, हे ध्यानात ठेवावे.

उदाहरण : दोनशे आसनांचे सभागृह :

जालना परिसरातील दोनशे आसनांच्या एका महाविद्यालयीन सभागृहासाठी २० टन क्षमतेची, म्हणजे सुमारे ७० किलोवॅटची कॉइल लागते, असे उदाहरणादाखल समजू. पाणी ७ अंशांना आत येते आणि १२.५ अंशांना बाहेर पडते. या ५.५ अंशांच्या फरकावर ७० किलोवॅट उष्णता नेण्यासाठी ताशी १०.९ घनमीटर पाणी लागते. एवढ्या प्रवाहासाठी ६५ मि.मी. व्यासाचा पाइप योग्य आहे. पूर्ण प्रवाहावर कॉइलमध्ये २५ आणि शाखेचे पाइप, गाळणी व बंद करण्याचे व्हॉल्व्ह यांत १० अशी एकूण ३५ किलोपास्कल दाबघट होते. शाखेच्या मुखाशी पंपाकडून ८५ किलोपास्कल दाबफरक उपलब्ध आहे.

योग्य पद्धतीने विचार केल्यास ८५ मधून ३५ वजा जाता नियंत्रण व्हॉल्व्हसाठी ५० किलोपास्कल, म्हणजे अर्धा बार उरतो. सूत्रात घातल्यास १०.९ भागिले ०.५ चे वर्गमूळ, म्हणजे केव्ही १५.४ येतो. बाजारात १०, १६, २५, ४०, ६३ असे ठरावीक गुणांक मिळतात. त्यांतील १६ हा सर्वांत जवळचा होय. या व्हॉल्व्हमध्ये पूर्ण प्रवाहाला सुमारे ४६ किलोपास्कल दाबघट होते आणि ऑथॉरिटी ४६ भागिले ८५, म्हणजे सुमारे ०.५५ भरते. असा व्हॉल्व्ह ३२ किंवा ४० मि.मी. आकाराचा असतो. पाइप ६५ चा आणि व्हॉल्व्ह ३२ चा हे पाहून अनेकांच्या भुवया उंचावतात. परंतु पाइपचे काम पाणी कमीत कमी अडथळ्याने नेणे हे आहे आणि नियंत्रण व्हॉल्व्हचे काम अडथळा निर्माण करणे हेच आहे. दोघांचे आकार समान असावेत, यास काहीही आधार नाही.

आता 'पाइपएवढा व्हॉल्व्ह' या पद्धतीने ६५ मि.मी. आकाराचा, केव्ही ६३ असलेला व्हॉल्व्ह बसवला असे समजू. त्यात पूर्ण प्रवाहाला जेमतेम ३ किलोपास्कल दाबघट होते. कॉइल व पाइपचे ३५ मिळवून ३८ होतात. उरलेले ४७ किलोपास्कल कोठेतरी खर्च करणे भाग असते. ते काम बॅलन्सिंग व्हॉल्व्ह अर्धवट मिटवून केले जाते. त्याने पूर्ण भारावरील प्रवाह नेमका १०.९ होतो आणि कागदोपत्री सर्व काही ठीक दिसते. परंतु बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हा स्थिर अडथळा आहे, शेतातील त्या बारीक नळीसारखा. तो नियंत्रण व्हॉल्व्हला काहीच अधिकार देत नाही. ऑथॉरिटी ३ भागिले ८५, म्हणजे केवळ ०.०३५ राहते.

दोन्ही व्हॉल्व्ह इक्वल पर्सेंटेज प्रकारचे आणि ५० रेंजेबिलिटीचे, म्हणजे आटोक्यात ठेवता येणारा किमान प्रवाह कमाल प्रवाहाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका असलेले मानून त्यांपासून मिळणारा थंडावा पुढील कोष्टकात दिला आहे.

| व्हॉल्व्ह किती उघडा | केव्ही १६, ऑथॉरिटी ०.५५ : थंडावा | केव्ही ६३, ऑथॉरिटी ०.०३५ : थंडावा |
|---|---|---|
| २० टक्के | २० टक्के | ५४ टक्के |
| ५० टक्के | ४८ टक्के | ८६ टक्के |
| ८० टक्के | ८४ टक्के | ९८ टक्के |

पहिल्या स्तंभातील आकडे जवळजवळ सरळ रेषेत आहेत. दुसऱ्या व्हॉल्व्हचा निम्म्याहून अधिक थंडावा उघडण्याच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यातच संपतो आणि शेवटच्या अर्ध्या मार्गात केवळ १४ टक्के उरतो. म्हणजे मिटण्याच्या जवळ व्हॉल्व्ह एक टक्का हलला तर थंडावा सरासरी २.७ टक्क्यांनी बदलतो, वरच्या अर्ध्या भागात मात्र ०.३ टक्क्यांहूनही कमी. संवेदनशीलतेत जवळपास दहापट तफावत पडते. नियंत्रकाचे अंक बदलून हा दोष दूर करण्याचा प्रयत्न नेहमी होतो. तो निष्फळ ठरतो, कारण मिटण्याच्या जवळ स्थैर्य देणारे अंक वरच्या भागात यंत्रणेला अतिशय सुस्त करतात आणि वरच्या भागाला योग्य असणारे अंक खाली हेलकावे निर्माण करतात.

पावसाळी संध्याकाळ :

या तफावतीचा सर्वांत जाचक परिणाम अंशभारावर दिसतो. ऑगस्टमधील संध्याकाळ आहे, बाहेर तापमान मध्यम आहे, सभागृह अर्धेअधिक रिकामे आहे आणि कॉइलवर ३० टक्केच भार आहे, असे मानू. वर सांगितलेल्या कॉइलच्या स्वभावानुसार यासाठी सुमारे १० टक्के पाणी पुरते. केव्ही १६ चा व्हॉल्व्ह सुमारे ३३ टक्के उघडा राहून हे पाणी शांतपणे देतो.

केव्ही ६३ च्या व्हॉल्व्हची स्थिती वेगळी आहे. कोणताही व्हॉल्व्ह ज्या किमान प्रवाहापर्यंत आटोक्यात राहतो, तो प्रवाह ऑथॉरिटी घटल्यास वाढतो. कमी ऑथॉरिटीच्या बाबतीत ढोबळमानाने तो रेंजेबिलिटीच्या व्यस्तांकाला ऑथॉरिटीच्या वर्गमूळाने भागून मिळतो. येथे ०.०२ भागिले ०.०३५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१०७ येतात. याचा अर्थ असा की, हा व्हॉल्व्ह पावणेअकरा टक्क्यांहून कमी प्रवाह नियंत्रितपणे देऊच शकत नाही आणि एवढ्या प्रवाहावर कॉइल सुमारे ३२ टक्के थंडावा देते. हवा आहे ३० टक्के. तेव्हा व्हॉल्व्हला योग्य अशी जागाच उरत नाही. तो एकदा मिटतो, एकदा उघडतो. हजारो रुपयांचा प्रमाणबद्ध व्हॉल्व्ह साध्या चालू-बंद खटक्यासारखा वागू लागतो. केव्ही १६ च्या व्हॉल्व्हसाठी हीच मर्यादा सुमारे २.७ टक्के प्रवाह, म्हणजे १० टक्के थंडावा इतकी खाली असते.

व्हॉल्व्ह वारंवार मिटल्याने केवळ तापमान वरखाली होते असे नाही. पाणी थांबले की कॉइलचा पृष्ठभाग तापतो आणि त्यावर जमलेले दवाचे पाणी पंख्याच्या हवेबरोबर पुन्हा सभागृहात जाते. परिणामी तापमानमापक बरोबर आकडा दाखवत असतानाही आतील लोकांना दमट, कोंदट वाटते. तक्रार आली की चालक अपेक्षित तापमान आणखी खाली आणतो. त्याने गारठा वाढतो आणि दमटपणा मात्र पुरता जात नाही.

बॅलन्सिंग व्हॉल्व्ह बसवलेलाच नसेल किंवा पूर्ण उघडा ठेवला असेल, तर दुसरा दोष पुढे येतो. ३८ किलोपास्कलच्या शाखेवर ८५ किलोपास्कल आल्याने पूर्ण उघड्या स्थितीत ताशी १०.९ ऐवजी सुमारे १६.३ घनमीटर पाणी वाहते. पाणी दीडपट होते, थंडावा मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच वाढतो. परतीचे पाणी १२.५ ऐवजी ११ अंशांच्या आसपास येते. पंप अधिक पाणी फिरवत राहतो, दूरच्या शाखांना पाणी कमी पडते आणि चिलरवर पुरेसा भार नसतानाही दुसरा चिलर सुरू करण्याची वेळ येते.

दोष कसा ओळखावा? :

बसवलेल्या व्हॉल्व्हची ऑथॉरिटी तपासणे कठीण नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना दाब मोजण्याची छिद्रे असली आणि एक दाबफरकमापक असला की पुरे. प्रथम नियंत्रकातून व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दाबफरक वाचावा. नंतर तो पूर्ण मिटवून पुन्हा वाचावा. पहिला आकडा दुसऱ्याने भागला की ऑथॉरिटी मिळते. वरील उदाहरणात ३ आणि ८५ असे आकडे आल्यास वाद उरत नाही. हे वाचन यंत्रणेतील इतर शाखा नेहमीप्रमाणे चालू असताना घ्यावे. इतर शाखा मिटलेल्या असतील आणि पंपाचा वेग त्यानुसार कमी होत नसेल, तर बंद व्हॉल्व्हवरील दाब वाढतो आणि ऑथॉरिटी आणखी खाली दिसते. अंशभारावर प्रत्यक्षात हेच घडत असते, म्हणून असे दुसरे वाचनही उद्बोधक ठरते.

मापक नसल्यास नोंदींवरून अंदाज बांधता येतो. व्हॉल्व्हची स्थिती दिवसाचा बराचसा वेळ ० ते २० टक्क्यांच्या दरम्यान मागेपुढे होत असेल, त्याच लयीत पुरवठ्याच्या हवेचे तापमान वरखाली होत असेल आणि मे महिन्यातील भर दुपारी मात्र हे हेलकावे नाहीसे होत असतील, तर व्हॉल्व्ह मोठा असण्याची शक्यता बळावते. हेलकावे पूर्ण भारावरही तसेच राहिले, तर कारण नियंत्रकाच्या अंकांत किंवा तापमानमापकाच्या जागेत शोधावे.

जवळची शाखा व दूरची शाखा :

अधिक दाबघटीचा व्हॉल्व्ह निवडल्यास पंपाची वीज वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर शाखा कोठे आहे यावर अवलंबून आहे. वरील शाखा पंपाच्या जवळ असल्यास तेथे ८५ किलोपास्कल दाब दूरच्या शाखांसाठी आधीपासून ठेवलेलाच असतो. तो नियंत्रण व्हॉल्व्हमध्ये खर्च झाला नाही, तर बॅलन्सिंग व्हॉल्व्हमध्ये होणारच. तेथे केव्ही १६ निवडण्याने विजेचा एक युनिटही वाढत नाही.

तीच कॉइल पंपापासून सर्वांत दूरच्या शाखेवर असेल, तर हिशेब बदलतो. तेथे व्हॉल्व्हमधील प्रत्येक किलोपास्कल पंपाच्या एकूण दाबात वाढ करतो. अशा शाखेवर केव्ही २५ चा व्हॉल्व्ह घेता येतो. त्याची दाबघट १९ किलोपास्कल, शाखेची एकूण दाबघट ५४ आणि ऑथॉरिटी ०.३५ येते. अर्ध्या उघड्या स्थितीत तो सुमारे ५५ टक्के थंडावा देतो. हे आदर्श नसले तरी स्वीकारार्ह आहे. म्हणजे एकाच मापाच्या दोन कॉइलना, त्यांच्या जागेनुसार, दोन वेगळे व्हॉल्व्ह लागू शकतात. कोणत्याही शाखेवर निवडलेला व्हॉल्व्ह पंपाच्या कमाल दाबाविरुद्ध घट्ट मिटवण्याइतकी शक्ती त्याच्या ॲक्च्युएटरमध्ये आहे, याचीही खात्री करावी.

दाबातील चढउतार मोठे असतील तेथे दाब-स्वतंत्र नियंत्रण व्हॉल्व्ह हा पर्याय आहे. त्यातील अंतर्गत नियामक नियंत्रण भागावरील दाबफरक स्थिर ठेवतो, त्यामुळे ऑथॉरिटी जवळजवळ एक राहते. मात्र उत्पादकाने सांगितलेला किमान दाबफरक मिळाला नाही, तर तोही सामान्य व्हॉल्व्हसारखाच वागतो. त्याची किंमत अधिक असून त्याला स्वच्छ पाणी लागते.

वरील गणिताच्या काही मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. २० टक्के प्रवाहावर ५० टक्के थंडावा हे प्रमाण सर्व कॉइलना लागू नाही. पाण्याच्या तापमानातील फरक मोठा ठेवलेल्या कॉइलचा आलेख कमी वाकडा असतो. अगदी कमी प्रवाहात नळ्यांतील पाण्याची घुसळण थांबली की उष्णतावहन सूत्राहून अधिक घटते. त्यामुळे कोष्टकातील आकडे तुलनेसाठी आहेत आणि प्रत्यक्ष निवडीत कॉइल-उत्पादकाचा आलेख वापरणे इष्ट होय.

निष्कर्ष :

नियंत्रण व्हॉल्व्हची निवड पाइपच्या व्यासावरून न करता शाखेच्या दाबावरून करावी. उपलब्ध दाबातून कॉइल व पाइप यांची दाबघट वजा करावी, उरलेल्या दाबावरून केव्ही काढावा, जवळचा उपलब्ध गुणांक घ्यावा आणि त्यावरून ऑथॉरिटी पुन्हा तपासावी. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण भारावरील प्रवाह जुळवू शकतो, गमावलेली ऑथॉरिटी परत देऊ शकत नाही. आधीच बसवलेला मोठा व्हॉल्व्ह आढळल्यास नियंत्रकाच्या अंकांवर वेळ खर्च करण्याऐवजी लहान गुणांकाचा व्हॉल्व्ह बसवून बॅलन्सिंग व्हॉल्व्ह तेवढ्या प्रमाणात उघडणे, हाच त्यावरील उपाय होय.